भीती न दाखवता लाइफ इन्शुरन्स लोकांना आपला कसा वाटेल?

प्रश्न: मी एका लाइफ इन्शुरन्स कंपनीत ब्रँड बघतो. सेल्सवाले म्हणतात, लोकांना घाबरवल्याशिवाय पॉलिसी विकलीच जात नाही. मला तसं करायचं नाहीये, पण 'नात्यांचं, प्रेमाचं' असं काही केलं की सगळ्या कंपन्यांच्या जाहिराती सारख्याच दिसतात. मग ब्रँडला अर्थ द्यायचा म्हणजे नक्की काय करायचं?

उत्तर:

तुमचे सेल्सवाले पूर्ण चुकीचे नाहीत, हे आधी मान्य करतो. भीती चालते. भीतीच्या संदेशांवर आजवर झालेल्या प्रयोगांचं एक मोठं मेटा-अ‍ॅनालिसिस २०१५ मध्ये आलं होतं, त्याचा निष्कर्षही साधारण हाच होता. पण त्यात दोन गोष्टी होत्या ज्या आपल्या धंद्यात कुणी नीट वाचत नाही. एक म्हणजे भीतीबरोबर 'हे तू करू शकतोस, आणि केलंस की सुटशील' हेही सांगितलं तर परिणाम वाढतो, आणि दुसरी म्हणजे भीती एकदाच करायच्या कामाला जास्त लागू पडते, परत परत करायच्या कामाला कमी.

आता लाइफ इन्शुरन्स यातलं कुठलं काम आहे? वरवर बघितलं तर एकदाच घ्यायची गोष्ट. पण रेग्युलर प्रीमियमची पॉलिसी खरं तर दरवर्षी परत विकत घ्यावी लागते, वीस-पंचवीस वर्षं, आणि दरवर्षी माणसाला 'आत्तापर्यंत तर काहीच झालं नाही' असं वाटत असताना. पहिल्या दिवसाची भीती तोपर्यंत विरून गेलेली असते. म्हणून मला विचाराल तर प्रश्न 'भीती की प्रेम' हा नाहीच आहे. भीती उरलेली नसताना ही पॉलिसी त्या माणसासाठी काय असणार आहे, हे शोधायचंय, आणि माझ्या भाषेत ब्रँडचा अर्थ म्हणजे तेवढंच.

भीती नेमकी कुठे गळते ते जरा जवळून बघू. किम विट या संशोधिकेने १९९२ मध्ये एक मॉडेल मांडलं, त्याचा सार असा की घाबरलेल्या माणसापुढे दोन रस्ते असतात, एक तर तो धोका आवरतो नाहीतर भीती आवरतो. धोका आवरणं म्हणजे फॉर्म भरणं. भीती आवरणं म्हणजे टॅब बंद करणं, 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणणं. गंमत अशी की दोन्हीने सुटका सारखीच वाटते, आणि दुसरं फुकट आहे. त्यात टर्म प्लॅनचा रस्ता किती लांब असतो तुम्हाला माहीत आहे: कोटेशन, प्रपोजल फॉर्म, उत्पन्नाचे कागद, मेडिकल, अंडररायटिंगचे प्रश्न, मग इश्यू. जाहिरातीने पोटात आलेला गोळा संध्याकाळपर्यंत जातो आणि रक्त घ्यायला माणूस येतो चार दिवसांनी. मधल्या काळात त्या माणसाला धरून ठेवायला आपल्याकडे काहीच नसतं.

अति केलं की काय होतं त्याचं जाहीर उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या नेशनवाइडची २०१५ च्या सुपर बोलमधली जाहिरात. एक छोटा मुलगा सांगत असतो की मी सायकल शिकणार नाही, माझं लग्न होणार नाही, आणि शेवटी कळतं की तो अपघातात गेलेला आहे. लोक भयंकर चिडले. कंपनीने म्हटलं की आम्हाला विकायचं नव्हतं, मुलांच्या सुरक्षिततेवर बोलणं सुरू करायचं होतं. बोलणं सुरू झालंही, पण ते कंपनीबद्दल.

आता दुसऱ्या टोकाला जे होतं त्याची तुम्हालाच धास्ती आहे, सगळं गोड गोड आणि सारखं. ते का होतं? कारण आपण 'भावना' शोधतो आणि त्यालाच अर्थ समजतो. थाय लाइफ इन्शुरन्सची २०१४ ची ती फिल्म, रोज छोटी छोटी चांगली कामं करत राहणाऱ्या माणसाची, जगभर बघितली गेली. त्यानंतर प्रत्येक ब्रीफमध्ये 'आपल्यालाही असं काहीतरी' हे वाक्य यायला लागलं. पण ती कंपनी त्याच्या आधीही बरीच वर्षं आयुष्याचं मोल या एकाच धाग्यावर फिल्म करत होती. धागा सोडून फक्त रडू उचललं तर लोकांना फिल्म लक्षात राहते आणि लोगो दुसऱ्याच कंपनीचा आठवतो.

मी अर्थ तपासतो तो एका प्रश्नाने: हा अर्थ कंपनीबद्दल आहे, मरणाबद्दल आहे, की जिवंत ग्राहकाबद्दल? अमेरिकेतल्या प्रुडेन्शियल या विमा कंपनीने १८९० च्या दशकात जिब्राल्टरचा खडक चिन्ह म्हणून घेतला, तो कंपनीबद्दलचा अर्थ होता, आम्ही हलणार नाही. तेव्हा कंपनी उद्या असेल का हीच लोकांची शंका होती त्यामुळे ते चपखल होतं. आज सगळेच 'भक्कम आणि विश्वासू', त्यातून तुम्ही वेगळे दिसणार नाही. याउलट एचडीएफसी लाइफचं 'सर उठा के जियो' बघा. त्यात मरण नाही, कंपनीची ताकद नाही. कुणापुढे हात पसरायला लागू नये असं वाटणारा जिवंत माणूस आहे. तो आजचा, चालता-बोलता माणूस आहे, म्हणून ते टिकलं.

आणि हे काही जाहिरातवाल्यांचं नवं खूळ नाही. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत आयुर्विमा सुरुवातीला लोकांना अक्षरशः नको होता, माणसाच्या जिवाची किंमत करणं किंवा मरणावर पैज लावणं असं त्यांना वाटायचं. व्हिव्हियाना झेलायझर या समाजशास्त्रज्ञ बाईंचं १९७९ मधलं संशोधन यावरच आहे. त्या दाखवतात की प्रॉडक्टचं गणित पटलं म्हणून लोक वळले असं नाही, तर विमा काढणं ही घरच्यांप्रती जबाबदारीची, जवळजवळ धर्माची गोष्ट आहे असा अर्थ त्याला चिकटला, तेव्हा तो रुळला. म्हणजे ही कॅटेगरी उभीच अर्थावर आहे, आपण फक्त तो शिळा होऊ दिलाय.

बरं, करायचं कसं ते एका कामावरून सांगतो, नाव सांगत नाही. मध्यम आकाराची कंपनी, टर्म प्लॅन, बरीचशी विक्री ऑनलाइन, थोडी एजंटकडून. ग्राहक तिशीतले, दोघं कमावणारे, डोक्यावर घराचं कर्ज. जाहिरातीत रिकामी खुर्ची, खिडकीतून बाहेर बघणारी बाई, 'तुमच्यानंतर काय?'. क्लिक चांगले येत होते. पण मेडिकलला लोक फोन उचलत नव्हते, आणि तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी, म्हणजे पहिल्या रिन्यूअलनंतर किती पॉलिसी चालू राहिल्या ते प्रमाण, कंपनीच्या बाकी प्रॉडक्टपेक्षा खाली होतं. मार्केटिंगच्या मीटिंगमध्ये हा आकडा कुणी आणतच नव्हतं, तो ऑपरेशन्सकडे पडून असायचा.

आम्ही रिसर्च उलट्या बाजूने केला. सहसा ज्यांनी पॉलिसी घेतली नाही त्यांना विचारतात 'का नाही घेतली', आणि ते काहीही ठोकून देतात, महाग आहे, वेळ नाही. त्याऐवजी ज्यांनी स्वतःहून दोन-तीन रिन्यूअल भरली आहेत, आठवण करायला फोन लागला नाही, अशा लोकांना गाठलं. या लोकांकडे तो अर्थ आधीच असतो, त्यांना तो शब्दात सांगता येत नाही इतकंच. त्यांना 'इन्शुरन्सबद्दल काय वाटतं' हे अजिबात विचारायचं नाही. विचारायचं की पॉलिसी घेतली त्या महिन्यात घरात काय चाललं होतं, आणि घेतल्यावर पहिल्यांदा कुणाला सांगितलंत. मग लॅडरिंग, म्हणजे प्रत्येक उत्तराला 'त्याने काय होतं?' असं विचारत एकेक पायरी वर जायचं. जुनी पद्धत आहे, जोनाथन गटमन यांच्या १९८२ च्या मांडणीतून आलेली, पण या कामाला अजून तोड नाही.

एक मुलाखत जशी आठवते तशी देतो.

'टर्म प्लॅन का घेतलात?'
'लोन होतं ना घराचं.'
'लोन कव्हर झालं, त्याने काय झालं?'
'बायकोच्या अंगावर पडायला नको.'
'नाही पडलं तर तिचं काय होईल?'
'अं... तिचं चालू आहे ते चालू राहील.'
'काय चालू आहे?'
'तिने नोकरी सोडली ना तेव्हाच, स्वतःचं डिझाइनचं काम सुरू केलं. मीच म्हटलं होतं सोड म्हणून. त्याच महिन्यात काढली पॉलिसी.'

इथे थांबलो असतो 'लोन' वर, तर तीच रिकाम्या खुर्चीची जाहिरात परत झाली असती. 'बायको' वर थांबलो असतो तर प्रेमाची फिल्म. दोन पायऱ्या वर गेल्यावर कळलं की पॉलिसी निघाली ती मरणाच्या विचाराने नाही, घरातलं दुसरं कुणीतरी धाडस करत होतं आणि याने त्याला 'हो, कर' म्हटलं होतं म्हणून. मग बाकीच्या मुलाखती चाळल्या तर हे ठिकठिकाणी दिसायला लागलं. कुणाचा भाऊ परत शिकायला लागला होता, कुणी मुलासाठी कामातून बाहेर पडलं होतं. सगळ्यांचं नव्हतं हं, काहींनी टॅक्ससाठीच घेतली होती आणि ते तसं सरळ सांगत होते.

यातून ब्रँडचा अर्थ लिहिला तो साधारण असा: आमची पॉलिसी म्हणजे घरातल्या कुणाच्या तरी मोठ्या पावलामागे उभं राहणं. यात बारीक पण फार मोठा बदल आहे. भीतीच्या जाहिरातीत नॉमिनी हा बिचारा असतो, मागे राहिलेला. इथे नॉमिनी हा काहीतरी करणारा माणूस झाला आणि पॉलिसीवाला त्याच्यामागे जिवंत उभा. कॅटेगरीत नॉमिनीला कुणी नायक केलं नव्हतं, निदान आम्ही बघितलेल्या जाहिरातींत तरी नाही. तुम्ही हाच अर्थ उचलू नका, तुमच्या ग्राहकांकडे दुसरा निघेल. पण तुम्हाला जो सापडेल त्यावर शेजारच्या कंपनीचा लोगो लावून बघा, जराही खटकत नसेल तर तो अर्थ कॅटेगरीचा आहे, तुमचा नाही, अजून एक पायरी शोधा.

आता फिल्म ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट, तिच्यावर मी फार बोलत नाही. बहुतेक ब्रँड इथेच संपतात, वरती सुंदर फिल्म आणि खाली तोच फॉर्म. आम्ही जास्त वेळ घालवला तो तीन जागी.

पहिली जागा म्हणजे नॉमिनीची स्क्रीन. नाव, नातं, जन्मतारीख, टक्केवारी, पुढे जा. अख्ख्या प्रवासात माणूस ज्याच्यासाठी हे करतोय त्याचं नाव फक्त इथे येतं आणि तिथे आपण ड्रॉपडाउन दिलेला असतो. तिथे एक ऐच्छिक ओळ टाकली: 'यांनी काय करत राहावं असं तुम्हाला वाटतं?' लोकांनी लिहिलेल्या ओळी साध्या होत्या, 'तिचं काम बंद पडू नये', 'त्याने डिग्री पुरी करावी'. इथे एक सावधगिरी: ही ओळ प्रपोजल फॉर्मच्या बाहेर ठेवा, वेगळी संमती घ्या, आणि तिचा करारावर किंवा क्लेमवर काहीही परिणाम नाही हे तिथेच लिहा. कंप्लायन्सवाल्यांना पहिल्या दिवसापासून खोलीत बसवा, शेवटी दाखवलंत तर ते उडवतील आणि बरोबरच करतील.

दुसरी जागा मेडिकलच्या आधीचा मेसेज. आधी होता 'आपली वैद्यकीय तपासणी प्रलंबित आहे, त्वरित पूर्ण करा'. त्यात आता किती वेळ लागेल, उपाशी राहायचंय का, रिपोर्टमध्ये काही निघालं तर पुढे काय होतं, हे साध्या शब्दात आलं. याला ब्रँडिंग कुणी म्हणणार नाही, पण वर म्हटलं ना, 'हे तू करू शकतोस' हा भाग, तो इथे असतो. अर्ध्या लोकांना सुया नको असतात असं आपण समजतो, त्यांना खरं तर रिपोर्टमध्ये काही निघेल याची भीती असते.

तिसरी जागा रिन्यूअल. जुना मेसेज: 'प्रीमियम न भरल्यास आपलं कव्हर बंद होईल'. नव्यात त्यांनी लिहिलेली ओळ वर, आणि खाली रक्कम, शेवटची तारीख, ग्रेस पिरियड हे सगळं तितकंच ठळक. ते लपवायचं नाही, कव्हर बंद होतं ही माहिती आहे, ती द्यायलाच हवी, फक्त मेसेजची सुरुवात तिच्याने करायची गरज नाही. आणि ओळ जुनी झाली असेल, नातं बदललं असेल, तर ती बदलायचं किंवा काढून टाकायचं बटन तिथेच द्या. नाहीतर घटस्फोट झालेल्या माणसाला आपण दरवर्षी तेच वाक्य पाठवत बसू. त्या बटनाने आणखी एक काम झालं, लोक नॉमिनी अपडेट करायला लागले, आणि जुना नॉमिनी हे क्लेम अडकायचं नेहमीचं कारण असतं.

निकाल सांगताना जपून सांगतो. आधी क्लिक कमी झाले आणि सेल्सने आरडाओरडा केला. ते होणारच, भीती क्लिक चांगले देते. म्हणून आधीच ठरवून घेतलं होतं की तुलना क्लिकवर नाही करायची. जुनी आणि नवी वाट शेजारी शेजारी चालवली, आणि दोन्हीकडे कोटेशन घेतलेल्यांपैकी मेडिकल किती जणांनी पूर्ण केली, फ्री-लुकमध्ये, म्हणजे पॉलिसी परत करायच्या सुरुवातीच्या मुदतीत, किती पॉलिसी परत आल्या, आणि पहिलं रिन्यूअल किती आलं, एवढंच बघितलं. मेडिकलमध्ये फरक लवकर दिसला. रिन्यूअलचं कळायला वर्षभराहून जास्त थांबावं लागतं, त्याला इलाज नाही, आणि तोपर्यंत बजेट वाचवून ठेवणं हे तुमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम असेल. फरक फिल्ममुळे की मेसेजमुळे हे पूर्ण वेगळं काढता आलं नाही. माझा अंदाज विचाराल तर मेसेजचा वाटा मोठा.

एजंटचं वेगळं बोलायला हवं, कारण सगळं बदललंत आणि एजंटचं पहिलं वाक्य 'समजा उद्या तुम्हाला काही झालं तर' हेच राहिलं तर ग्राहकासाठी ब्रँड तोच. त्यांना ब्रँडचं प्रेझेंटेशन दाखवून काही होत नाही, ते चहा पिऊन निघून जातात. त्यांना एकच वाक्य द्या, बोलता येईल असं. आम्ही दिलं होतं, 'सध्या तुमच्या घरात कोण काही नवीन सुरू करतंय?' जुन्या एजंटांनी आधी नाकं मुरडली. मग काहींच्या लक्षात आलं की या प्रश्नावर माणूस दहा मिनिटं बोलतो, आणि किती कव्हर लागेल याचा हिशोब त्या बोलण्यातूनच निघतो: कर्ज किती, शिक्षण किती वर्षं, नवा धंदा पायावर उभा राहायला किती काळ. मरणाच्या प्रश्नावर तोच माणूस विषय बदलतो.

आता हे सगळं कशावर अवलंबून आहे ते. तुमचं प्रॉडक्ट बचतीचं असेल, एंडोमेंट वगैरे, तर लोकांच्या डोक्यात परताव्याचा आकडा असतो आणि हा अर्थ त्यावर चिकटणार नाही, उलट परताव्याबद्दल स्पष्ट बोलणं टाळल्यासारखं वाटेल. सिंगल प्रीमियम असेल तर माझा रिन्यूअलचा मुद्दाच गळतो. कंपनीचं नावच कुणाला माहीत नसेल तर आधी 'पैसे देतात का' याचं उत्तर द्या, क्लेम सेटलमेंटचे आकडे आणि किती दिवसात ते. तिथे जिब्राल्टरचा खडकच लागतो. आणि क्लेममध्ये लोकांना फिरवलं जात असेल तर ही मोहीम करूच नका. 'आम्ही मागे उभे आहोत' म्हणणारी कंपनी विधवेला चौथ्यांदा तोच दाखला मागते, तेव्हा साध्या कंपनीपेक्षा तिच्यावरचा राग जास्त असतो.

भीतीला एक जागा मी ठेवतो: जिथे माणसाला धोकाच माहीत नाही आणि उपाय लगेच हाताशी आहे. उदाहरणार्थ नोकरीतलं ग्रुप कव्हर नोकरी सुटली की साधारण जातं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ते सरळ सांगा, पुढे काय करायचं ते त्याच वाक्यात द्या, संगीत वगैरे नको.

आणि ज्यांच्यावर कुणीच अवलंबून नाही, कर्ज नाही, अशा लोकांसाठी अर्थ शोधत बसू नका. तुमच्याकडचा कुणीतरी 'सिंगल तरुणांसाठी पण एक इनसाइट काढा' म्हणेलच. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना आत्ता लाइफ कव्हरची गरज नसते, त्यांना आरोग्य किंवा अपंगत्वाचं कव्हर जास्त कामाचं आहे. तो सेगमेंट ब्रीफमधून काढा, आणि उद्या ऑफिसला गेल्यावर पहिलं काम म्हणजे ऑपरेशन्सकडून तेराव्या महिन्याचे आकडे मोहिमेनुसार वेगळे करून मागा. बहुतेक ठिकाणी ते तसे ठेवलेलेच नसतात, त्यामुळे मिळायलाच दोनेक आठवडे जातील.